लिहिणारीचं नाव

६ फेब्रुवारी, मंगळवार

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र तुम्ही बाजूला ठेवलं असेल, तर त्यात तुमचं काही चुकलं नाही. सहा वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहितेय ती कामासाठी. उगाच गोड बोलून सुरुवात करत नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झालाय आणि या ऑफिसात तो कोणाला दाखवायचीही सोय नाही.

काल बढतीची यादी लागली. रचना विभागाच्या मुख्य अभियंत्याची जागा बुलंदला मिळाली. हे नाव त्याला तुम्हीच दिलं होतंत. आता तर त्याचा आवाज लिफ्टपर्यंत ऐकू येतो. पंपाची आणि पाइपलाइनची आकडेमोड मी त्याच्या दुपटीने केलीय, हे त्यालाही माहीत आहे. काल पेढे वाटावेत तसा हसत माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "तुझ्याशिवाय हे ऑफिस चालणार नाही बघ." मी म्हटलं, "म्हणूनच तर मला इथून हलू देत नाहीत." त्याला तो विनोद वाटला.

मला कारणाचा कागद मिळालाय. जसाच्या तसा लिहिते: "सभांमधील तांत्रिक सहभाग नोंदींवरून दिसून येत नाही. मात्र समन्वयाचे काम वाखाणण्याजोगे आहे."

समन्वय! सात जणांना चालेल अशी वेळ शोधायची, खोली ठेवून घ्यायची, प्रोजेक्टरची वायर कोणाच्या खणात गेली ते हुडकायचं, हजेरीच्या कागदावर सह्या घ्यायच्या, दोन तास खाली मान घालून लिहायचं, मग पाच तास बसून ते नीट करायचं, सगळ्यांना पाठवायचं, कोणी दुरुस्त्या पाठवत नाही म्हणून दोनदा आठवण करायची, आणि पुढच्या सभेत "मागील इतिवृत्त कायम करण्यात आले" हेही मीच लिहायचं. कोणी निवृत्त झालं की शुभेच्छांचं कार्ड मीच फिरवायचं, कपाटाची किल्ली माझ्याचकडे. यातलं एक काम माझ्या नेमणुकीच्या पत्रात नाही. वाखाणायला मात्र तेवढंच सापडलं.

तीस दिवसांत फेरविचाराचा अर्ज करता येतो. मी करणार आहे. त्यासाठी तुमच्याकडून दोन ओळी हव्यात. टेकडीवरच्या टाकीच्या पाइपलाइनची सभा तुम्हाला आठवत असेल. वीज गेली की पंप बंद पडायचे, चढणीवरचं पाणी उलटं यायचं, झडप धाडकन मिटायची आणि त्या दणक्याने सांधे फुटायचे. झडप आधी भरभर आणि शेवटचा थोडा भाग सावकाश मिटेल अशी दोन टप्प्यांची करू या, असं त्या सभेत मी मांडलं होतं. इतिवृत्त तुम्ही लिहीत होतात. 'होय, हे हिनेच मांडलं' एवढं लिहून सही करून पाठवाल का?

तुम्ही का गेलात ते मला माहीत आहे. म्हणजे सगळ्यांना आहे तेवढं. असो.

उत्तर पाठवा, रागाचं असलं तरी.

१४ फेब्रुवारी, बुधवार

ताई,

उत्तर नाही. बरोबर आहे. तरी लिहितेय, कारण सांगायला दुसरं माणूस नाही. घरी आमच्या ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग लिहू नकोस ना." एवढं सोपं असतं तर यांनी लग्नानंतर एकदा तरी गॅसचा नंबर लावला असता.

दोन दिवस मी नोंदींच्या खोलीत बसले होते. अर्जाला पुरावे लागतात, म्हणून इतिवृत्तांच्या फायली काढल्या. तुम्ही गेल्यापासूनच्या एकाहत्तर सभा, सगळ्या माझ्या हातच्या. पहिल्या पानापासून वाचत गेले आणि तिसऱ्या फायलीपर्यंत माझे कान तापले.

प्रत्येक इतिवृत्तात माझं नाव दोनदा आहे. वर हजर असणाऱ्यांत एकदा, आणि तळाशी 'इतिवृत्त लेखन' म्हणून एकदा. मधल्या पानांत मी नाही. एकाहत्तर सभांत मी तोंड उघडलंच नाही, असं ते कागद सांगतात. आणि ते कागद मी लिहिलेत!

कसं झालं ते सांगते. लिहिता लिहिता मी काहीतरी बोलायचे. मान खाली, हात चालू, त्यामुळे आवाज टेबलावरच पडायचा. "पंप तीनऐवजी चार घेतले तर दुरुस्तीच्या दिवशी पाणी तोडावं लागणार नाही," असलं काही. कोणाचं लक्ष नसायचं. दोन मिनिटांनी बुलंद तेच सगळ्या खोलीला ऐकवायचा आणि साहेब म्हणायचे, "हा मुद्दा घ्या." मी घ्यायचे. त्याच्या नावावर! कारण साहेबांनी ऐकलं ते त्याच्याकडून, आणि आपणच आपलं नाव लिहिणं मला हावरटपणाचं वाटायचं. जिथे तो बोलला नाही तिथे मी लिहिलंय, "चर्चेअंती असे ठरले." चर्चा माझ्या एकटीची, ठरवणारी मी, आणि कागदावर कोणीच नाही.

तुम्हीही तेच करायचात. मी नवीन असताना विचारलं होतं, "ताई, तुमचा मुद्दा तुम्ही तुमच्या नावाने का नाही घातला?" तुम्ही म्हणालात, "लिहिणारीने स्वतःला वाढून घ्यायचं नसतं गं." तेव्हा केवढं थोर वाटलं होतं मला ते. आता त्या थोरपणाचा संताप येतो. तुमच्यावरही येतो. तुम्ही मला झडपा शिकवल्यात, आकडे तपासायला शिकवलंत, आणि त्याच्या जोडीला स्वतःला पुसून टाकायलाही शिकवलंत.

पण पुढचं ऐका. तुमच्या हातच्या फायलीही काढल्या. मी आल्यावरच्या वीस सभा तुम्ही लिहिल्यात. त्यांत माझं नाव एकतीस वेळा आहे. मी ओठातल्या ओठात बोललेलंही तुम्ही उचललंत आणि माझ्या नावाने नोंदवलंत. तुमचं नाव वर एकदा, खाली एकदा. माझ्यासारखंच.

त्या खोलीत पंखा चालत नाही. घामाने ओली होऊन बसले होते, तरी उठवेना.

माझी पहिली सभा आठवतेय? साहेब म्हणाले होते, "आता नवीन मुलगी आलीय, इतिवृत्त ती लिहील." तुम्ही पेन माझ्याकडे सरकवलंत. दहा वर्षं लिहून तुमचा हात त्या दिवशी मोकळा होणार होता. मी हसून ते परत सरकवलं आणि म्हटलं, "छे छे, ताईंच्या अक्षराची सर माझ्या अक्षराला कुठली!" सगळे हसले, साहेबही हसले. तुम्ही टोपण काढून लिहायला लागलात. मला वाटलं, मी तुमचं कौतुकच केलं. नाही, हे खोटं लिहिलं. मला तेव्हाही कळत होतं मी काय करतेय ते.

२१ फेब्रुवारी, बुधवार

ताई,

परवाची सभा झाली आणि मी एक उद्योग केलाय. आज ऑफिसात माझ्याशी फक्त झेरॉक्सवाले काका बोलतायत.

सोमवारी दहाला सभा होती. साहेब नेहमीप्रमाणे माझ्याकडे न बघताच म्हणाले, "हं, लिहून घे." मी ठरवूनच गेले होते. घेतलं लिहून. सगळं. आणि काल सगळ्यांना पाठवलं. थोडं तुमच्यासाठी उतरवते:

"सभेची वेळ दहा. सभा सुरू झाली दहा वाजून चौदा मिनिटांनी. विलंबाचे कारण: प्रोजेक्टरची वायर. वायर कोठे आहे असे पाच जणांनी लिहिणारीला विचारले. शोधायला कोणी उठले नाही. वायर लिहिणारीने आणली.

कलम दोन. पूर्वेकडील वस्तीची पाइपलाइन. लिहिणारी म्हणाली की दोनशेऐवजी अडीचशे मिलिमीटरचा पाइप घेतला तर पंपावरचा भार कमी होईल. कोणी उत्तर दिले नाही. साहेबांनी फोन पाहिला. तीन मिनिटांनी बुलंद म्हणाले की आपण पाइप जरा मोठा का घेत नाही. साहेब म्हणाले, वा.

कलम तीन. पुढील महिन्यात येणाऱ्या पाहुण्यांची व्यवस्था. कोण करील, असे साहेबांनी विचारले. सर्वांनी खाली पाहिले. अकरा सेकंद शांतता. साहेब म्हणाले, ही करील. हिने होकार दिला नव्हता."

बुलंदच्या जागी मी त्याचं खरं नाव घातलं, तेवढी अक्कल अजून शाबूत आहे.

दुपारपर्यंत नुसता गोंधळ. सहा वर्षांत जे लोक इतिवृत्त उघडत नव्हते त्यांनी ते दोन-दोनदा वाचलं. बुलंद लाल होऊन आला. "हा काय पोरकटपणा? मी तुझं ढापलं असं म्हणायचंय का तुला?"

मी म्हटलं, "मी काहीच म्हटलं नाही. मी फक्त लिहिलं."

"मला ऐकूच आलं नव्हतं तू काय म्हणालीस ते!"

"तेही लिहू का? 'ऐकू आले नाही'?"

तो गेला. आणि खरं सांगते ताई, तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच ऐकू येत नाही. कानावर पडतं, आत कुठेतरी राहतं, आणि बाहेर येताना त्याचंच होऊन येतं. याचा मला जास्त राग येतो. चोर असता तर भांडता तरी आलं असतं.

मग साहेबांनी बोलावलं. दार लावून घेतलं. मला वाटलं आता झापणार, तर समजुतीने बोलायला लागले. "अगं, तुझा अर्ज मी पाहिलाय. इतकी वर्षं तू गप्प का बसलीस? नोंदीत काहीच नाही म्हटल्यावर समिती तरी काय करणार? पण एक आहे. टेकडीची झडप. ती जुनी नोंद तुझ्या नावावर स्पष्ट आहे. त्या एका कलमाने आपले केवढे सांधे वाचले! बावीस मार्चला समितीपुढे तेवढंच ठेव. काम होऊन जाईल. बुलंदच्या जोडीला दुसरी जागा निघू शकते. हे असले इतिवृत्ताचे तमाशे मात्र बंद कर."

मी विचारलं, "साहेब, कारणाच्या कागदावरचं ते वाक्य कोणी लिहिलं? 'सहभाग दिसून येत नाही' ते?"

ते जरा चुळबुळले. "ते होय... तसं नवीन नाही ते. तुझ्या आधीच्या ताईंच्या फायलीत होतं, कारकुनाने तेच उचललं. तुम्हा दोघींचं काम सारखंच ना." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुला तर आठवत असेल. त्या वेळी तुलाच विचारलं होतं मी."

पुढचं आज लिहिता येत नाही.

२४ फेब्रुवारी, शनिवार

ताई,

तीन दिवस टाळलं. आज घरी कोणी नाही, दार लावून बसलेय. सगळं लिहिते. वाचून झाल्यावर काय करायचं ते तुम्ही ठरवा.

तुमची बढती समितीकडे होती तेव्हा साहेबांनी मला असंच आत बोलावलं होतं. म्हणाले, "तू त्यांच्या शेजारी बसतेस. रचनेच्या कामात त्यांचा कितपत हात असतो?"

मी म्हटलं, "त्या सभेत फारशा बोलत नाहीत. त्या लिहितात."

एवढंच. सात शब्द. त्यातला एकही खोटा नव्हता. त्याच शब्दांचं सरकारी छापाचं वाक्य झालं, तुमच्या फायलीत गेलं, आणि तुमची जागा गेली. आता तेच वाक्य माझ्या फायलीत येऊन बसलंय.

मी असं का बोलले? इतकी वर्षं स्वतःला सांगत आले की मी नवीन होते, घाबरले, मला कळलं नाही. सगळं कळत होतं. तुम्ही वरच्या जागेवर गेलात की ते पेन माझ्याकडे येणार, याची मला भीती होती. तुम्ही त्या खुर्चीवर असलात की मी मोकळी. मला बोलता येत होतं, कारण तुम्ही लिहीत होतात. एकतीस वेळा माझं नाव आलं ते तुमची मान खाली होती म्हणून. मी तुम्हाला हात धरून खाली बसवलं, ताई, आणि वर तुमच्या अक्षराचं कौतुक केलं.

आणि टेकडीची झडप. पहिल्या पत्रात मी तुमच्याकडे सही मागितली! माझी मलाच शरम वाटत नाही का, असं तुम्ही म्हणाला असाल. ती कल्पना तुमची होती. सभेच्या आदल्या दिवशी तुम्ही माझ्या टेबलाशी बसून जुन्या नकाशाच्या पाठीमागे ते सगळं काढून दाखवलंत. पाणी किती वेळाने उलटं येईल, झडप किती सेकंदांत मिटली पाहिजे, शेवटचा भाग का सावकाश. मी म्हटलं, "उद्या तुम्हीच सांगा ना." तुम्ही म्हणालात, "मी लिहीत असते गं, सूर लागत नाही. तू सांग." मी सांगितलं. 'हे ताईंचं आहे' एवढं जोडायला काय जात होतं माझं? नाही जोडलं. आणि तुम्ही मान खाली घालून माझं नाव लिहिलंत.

बुलंदला ऐकू येत नाही म्हणून मी तीन पानं खरडली. मला तर नीट ऐकू आलं होतं.

तुमच्या जाण्याच्या दिवशी कार्ड फिरलं नाही. कार्ड फिरवणाऱ्या तुम्हीच होतात, दुसऱ्या कोणाला सुचलंच नाही. तुम्ही खणातला चष्मा आणि पेला घेतलात आणि माझ्याकडे न बघता गेलात. पुढच्या सोमवारी साहेबांनी पेन माझ्यासमोर ठेवलं. मी नाही म्हणू शकले नाही, कारण परत सरकवायला समोर कोणी नव्हतं.

मला सही नको. पहिल्या पत्रातली ती ओळ खोडून टाका. माफी मागायचा धीर होत नाही. मागितली तर ती पेलण्याचं कामही तुमच्यावरच यायचं.

बावीस तारखेला समितीपुढे जायचंय. त्या एकतीस नोंदींतल्या बाकीच्या किरकोळ, हातात धड पुरावा आहे तो फक्त तुमच्या झडपेचा. काय करावं ते कळत नाही. म्हणजे कळतंय, पण करवत नाही. ती जागा मला हवीय, ताई. फार हवीय.

१९ मार्च, मंगळवार

ताई,

कालची सभा सांगते. सांगण्यासारखी झाली.

सगळे बसले. साहेब माझ्याकडे वळायच्या आत मी वही त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, "आज मला बोलायचंय. लिहिताना बोलता येत नाही. दुसऱ्या कोणाला तरी सांगा."

कोणी हललं नाही. एकाला अचानक नकाशा बघावासा वाटला. एक म्हणाला, "माझं अक्षर माझं मलाच लागत नाही." दुसऱ्याचं मनगट दुखत होतं, तेच मनगट रविवारी क्रिकेटमध्ये चेंडू टाकतं. मग साहेबांची नजर फिरत फिरत टेबलाच्या टोकाला गेली. तिथे एक नवी अभियंता बसते, चार महिने झालेत तिला. साहेब म्हणाले, "मग ही लिहील. शिकायला मिळेल तिला."

त्या पोरीने माझ्याकडे पाहिलं. हसणार होती ती. काहीतरी गोड बोलून पेन माझ्याकडे परत ढकलणार होती, किंवा मुकाट्याने घेणार होती. दोन्ही मला पाठ आहे.

"ती नाही," मी म्हटलं. माझा आवाज लिफ्टपर्यंत गेला असेल. "तीही नाही आणि मीही नाही. या खोलीत अजून पाच जण आहेत. ज्यांनी बारा वर्षं अधिक सहा वर्षं काही लिहिलं नाही, त्यांच्यापासून सुरुवात करा."

साहेब म्हणाले, "अगं, काय एवढं? दोन ओळी तर लिहायच्या."

"दोनच ओळी आहेत तर तुम्ही लिहा, साहेब."

ताई, सगळे एकमेकांकडे बघत बसले. चार मिनिटं. मी घड्याळ बघत होते. मी वहीला हात लावला नाही. शेवटी बुलंदने ती ओढली. मुख्य अभियंता झाल्यावर त्याला सभा वेळेत संपवायची घाई असते.

पहिलाच विषय 'मागील इतिवृत्त कायम करणे'. साहेब म्हणाले, हिचं ते सविस्तर प्रकरण रद्द समजू. मी म्हटलं, चूक असेल तर कोणती ते सांगा, दुरुस्त करू, रद्द करता येत नाही. कोणाला एकही चूक सांगता आली नाही. ते कायम झालं.

मग मी म्हटलं, "जुन्या एका इतिवृत्तात दुरुस्ती आहे. टेकडीच्या पाइपलाइनची सभा, कलम चार."

साहेबांनी चमकून मान वर केली. "ते कलम राहू दे. ते शुक्रवारी तुला लागणार आहे."

"त्या कलमात दोन टप्प्यांच्या झडपेची सूचना माझ्या नावावर आहे. ती माझी नव्हती. सगळी आकडेमोड ताईंची होती. त्या इतिवृत्त लिहीत होत्या म्हणून बोलल्या नाहीत, आणि मी बोलले तेव्हा त्यांचं नाव घेतलं नाही." मग मी तुमचं नाव सांगितलं. पूर्ण, आडनावासकट. त्या खोलीत ते सहा वर्षांनी कोणीतरी उच्चारलं.

"आणि त्यांच्या बढतीच्या वेळी मी म्हटलं होतं की त्या सभेत बोलत नाहीत. ते मी मागे घेते. का बोलत नव्हत्या ते मी तेव्हा सांगायला हवं होतं."

साहेब हळू आवाजात म्हणाले, "कळतंय ना काय करतेयस? स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा."

"लिहू का हे?" बुलंदने विचारलं. खरंच विचारलं त्याने, पेन धरून, गोंधळून.

"मी म्हणाले तसं लिही. सदस्याने नोंद मागितली की ती घ्यावीच लागते."

"मग जरा सावकाश बोल. आडनाव काय म्हणालीस?"

दोनदा सांगितलं मी. तिसऱ्यांदा त्याने वही पुढे केली, तरी लिहून दाखवलं नाही.

सभा संपल्यावर तो माझ्यामागे जिन्यापर्यंत आला, भडकलेला. "पाइपच्या विषयावर माझे दोन मुद्दे होते! लिहिण्याच्या नादात एकही बोलता आला नाही मला. ही काय पद्धत झाली?" मी नुसती त्याच्याकडे बघत राहिले. त्याचा चेहरा हळूहळू बदलला. मग तो परत फिरला.

नवी मुलगी दुपारी आली होती. म्हणाली, "मी लिहिलं असतं हो, त्यात काय." तिला म्हटलं, बस, तुला झडप कशी मिटते ते दाखवते. आणि कोणी शिकवलं तेही सांगितलं.

२ एप्रिल, मंगळवार

ताई,

अर्ज फेटाळला. आज कागद आला. दोन कारणं दिलीत. एक, ज्या नोंदीचा आधार होता ती अर्जदारानेच मागे घेतली. दोन, "अलीकडे समन्वयाच्या कामात असहकार."

म्हणजे आता तेही वाखाणण्याजोगं राहिलं नाही. वाचून मी स्वच्छतागृहात गेले आणि रडले. खोटं कशाला सांगू? संतापाने रडले. वाटलं, त्या शुक्रवारपर्यंत गप्प बसले असते तर? कोणाला कळलं असतं? तुम्हालाही कळलं नसतं. तुम्ही तर माझी पत्रं उघडता की नाही हेसुद्धा मला माहीत नाही. अजून पाच वर्षं तरी मी आहे त्याच टेबलावर बसणार आणि बुलंद माझ्या कामावर सही करणार. याचा राग जाणार नाही. जाऊ द्यायचाही नाही मला.

इतिवृत्त आता पाळीने लिहितात. साहेबांनी तक्ता लावलाय. कोणावर उपकार केल्यासारखा लावलाय, पण लावलाय. पाहुण्यांची व्यवस्था यंदा कोणी केलीच नाही आणि ते तासभर जिन्यात उभे होते. मला धावत जावंसं वाटलं. मी खुर्चीचे हात धरून बसून राहिले.

सोबत कालच्या तारखेची प्रत जोडली आहे. मी दुरुस्ती मांडली त्या सभेचं इतिवृत्त काल कायम झालं, तेव्हा टेकडीच्या कलम चारमध्ये आता तुमचं नाव आहे आणि माझं नाही. तुमच्या फायलीलाही तिची प्रत लावायला लावलीय, पोच घेतलीय. त्याने तुमची गेलेली जागा परत येत नाही, हे मला कळतं. माझ्यावरचा तुमचा राग खरा आहे, तो ठेवा. मी काही त्यावर उत्तर मागत नाही.

एकच विचारायचंय. इथून गेल्यावर तुम्ही जिथे लागलात त्या लहान ऑफिसातून परवा आमच्याकडे एका संयुक्त सभेचं इतिवृत्त आलं. इथे सगळ्यांनी ते न वाचता फायलीला लावलं. मी वाचलं. सुबक, नेमकं, सगळ्यांची नावं जागच्या जागी. तुमचं वर एकदा आणि तळाशी एकदा.

ताई, अजूनही? बास करा. पुढच्या सभेत पेन उचलू नका. ती चार मिनिटं फार वाईट जातात, जीव अर्धा होतो. पण पाचव्या मिनिटाला दुसरं कोणीतरी ते उचलतं. मी पाहिलंय.